ऑफिसात शांत, घरात भडका: दमून आलेल्या माणसाच्या पहिल्या अर्ध्या तासाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात कौन्सिलिंग करते. माझ्याकडे येणारे बरेचसे लोक शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले, बँकांतले, दवाखान्यांतले, आणि त्यातले निम्मे तरी आल्या आल्या एकच वाक्य बोलतात, "मॅडम, मी तसा शांत माणूस आहे, पण घरात गेलो की काय होतं कळत नाही." तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एका जागी लिहून ठेवतेय.

ऑफिसात कुणी कितीही बोललं तरी मी गप्प असतो, आणि घरात साध्या प्रश्नावर खेकसतो. मग माझा खरा स्वभाव कुठला?

दोन्ही तुमचेच. ऑफिसातली शांतता म्हणजे ढोंग आणि घरातला राग म्हणजे खरा चेहरा, असं बायको भांडणात म्हणते आणि मग माणूस स्वतःही तेच धरून बसतो, पण ते तसं नाहीये. ऑफिसातली शांतता हे सुद्धा काम आहे, अंगमेहनतीसारखंच, फक्त पगाराच्या स्लिपवर दिसत नाही. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 साली विमानातल्या एअर होस्टेस लोकांचा अभ्यास करून हे पहिल्यांदा नीट मांडलं, की चेहरा आणि आवाज सांभाळणं हा नोकरीचाच भाग असतो आणि त्याचा शीण येतो. आपल्याकडे काउंटरवर बसणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, तो हेच सांगेल.

नेमकं होतं काय? एखादा दिवस धरून सांगा ना.

एकाने परवानगी दिलीय म्हणून त्याचाच दिवस सांगते, ओळख पटेल असं सगळं काढून. शिरोलीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, वय चाळिशीच्या आसपास, घर राजारामपुरीत, घरात आई, बायको आणि सातवीतली मुलगी.

सकाळी अकराला पुण्याच्या कस्टमरचा फोन. पाठवलेल्या कास्टिंगचं तिकडं मशीनिंग झालं आणि आतून ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, निघाले, लॉट रिजेक्ट. ब्लोहोल कातडीखाली असेल तर वरून बघून दिसत नाही, ते मशीनिंगलाच उघडं पडतं, हे फोनवरच्या माणसालाही माहिती असतं, तरी तो म्हणाला, "तुमच्याकडे इन्स्पेक्शन कोण करतं, का असंच गाडीत भरता?" हा म्हणाला, "येस सर, लगेच बघतो सर, उद्या एट-डी रिपोर्ट पाठवतो." आवाज अजिबात चढला नाही. मग मोल्डिंगला गेला, तिथला सुपरवायझर म्हणाला वाळू बरोबर होती, तुमचंच काहीतरी. तिथंही हा शांत. दुपारी मालकांच्या केबिनमध्ये पाऊण तास, चार लोकांसमोर. तिथंही मान खाली, "होय साहेब." पावणेसातला गाडीला किक मारली, हायवेवरून पंचगंगेचा पूल, तावडे हॉटेलजवळ ट्रॅफिक, कावळा नाका, घर. त्याच्या शब्दांत, "पुलावर वारं लागलं मॅडम, तिथंच सगळं विसरलो. घरात शिरलो तेव्हा मी एकदम नॉर्मल होतो."

दारात एक बूट काढला होता, दुसऱ्याची लेस सोडत होता, हेल्मेट अजून हातात. आतून तव्यावरच्या भाकरीचा वास येत होता आणि आईनं तिथूनच विचारलं, "दळण आणलास काय रे?"

बस्स. एवढंच. आणि हा जो ओरडला, "मला काय दुसरं काम नाही व्हय? आल्या आल्या डोक्यावर बसतीस!" हेल्मेट स्टुलावर आपटलं, ते घरंगळत मुलीच्या वह्यांपर्यंत गेलं. आईनं गॅस बारीक केला आणि काहीच बोलली नाही. मुलगी वही घेऊन आतल्या खोलीत गेली. तो मला म्हणाला की दिवसभरात कस्टमरचं बोलणं लागलं नाही तेवढं ते गॅस बारीक करणं लागलं.

आता बघा, अकरा वाजल्यापासून ह्या माणसानं तीनदा राग गिळला. गिळला म्हणजे चेहऱ्यावर येऊ दिला नाही, आत तो होताच. हे गिळणं शरीराला फुकट पडत नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी 1993 मध्ये लोकांना अंगावर येणारी फिल्म दाखवली, काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. त्यांनी ते जमवलंही. पण आतली किळस काही कमी झाली नाही, आणि ताणाच्या खुणा, म्हणजे कातडीवरचा घाम, बोटांच्या रक्तवाहिन्या आवळणं, हे उलट वाढलं. म्हणजे चेहरा शांत ठेवला की आतलं शांत होतं असं नाही.

पण घरी पोचेपर्यंत मी शांत झालेला असतो की! मग राग येतो कुठनं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि इथंच बहुतेक जण फसतात.

तुम्हाला शांत वाटणं आणि शरीर शांत होणं ह्या दोन गोष्टी एकाच वेळी होत नाहीत. वाटणं आधी निवळतं, शरीर मागाहून. डॉल्फ झिलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात ह्यावर प्रयोग केले. लोकांना आधी कुणीतरी मुद्दाम डिवचायचं, मग त्यांना व्यायामाची सायकल मारायला लावायची, आणि मग डिवचणाऱ्यावर उट्टं काढायची संधी द्यायची. काहींना ही संधी सायकलवरून उतरल्या उतरल्या दिली, काहींना थोड्या मिनिटांनी. आपल्याला वाटेल की थांबलेले लोक थंड झाले असतील, तर निघालं उलटं, थोडं थांबलेल्यांनीच जास्त जोरात उट्टं काढलं.

का? तर जो आत्ता सायकलवरून उतरलाय, धापा टाकतोय, त्याला कळतं की छातीत धडधडतंय ते सायकलमुळे. पाच मिनिटांनी धाप कमी झाली की त्याला वाटतं मी झालो नॉर्मल, पण धडधड पूर्ण उतरलेली नसते. मग ती उरलेली धडधड तो समोरच्याच्या खात्यावर टाकतो. समोरच्यानंच मला एवढा राग आणला असं त्याला अगदी मनापासून वाटतं.

आता हे आपल्या माणसाला लावून बघा. फाउंड्रीच्या गेटवर त्याला नक्की माहिती होतं की डोकं फिरलंय ते रिजेक्शनमुळे. तिथं आईचा फोन आला असता तर म्हणाला असता, "आई, आज डोकं ठिकाणावर नाही, नंतर बोलतो." पुलावर वारं लागलं, डोक्यातनं विषय गेला, त्यात ट्रॅफिकमध्ये हॉर्न, उलटे घुसणारे रिक्षावाले, म्हणजे शरीर परत थोडं तापलं आणि तेही त्याच्या लक्षात आलं नाही. दारात पोचला तेव्हा विषय गेलेला, आणि तापलेलं शरीर तसंच. अशा वेळी जो पहिला बोलेल त्याच्या नावावर सगळं जमा होतं. दळणाच्या जागी "चहा टाकू काय?" असतं तरी तेच झालं असतं.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, दारातल्या त्या "मी एकदम नॉर्मल आहे"वर विश्वास ठेवू नका. त्याच्याऐवजी शरीर बघा, जबडा आवळलाय का, खांदे कानाजवळ गेलेत का, गाडीची किल्ली मुठीत घट्ट आहे का. ही माहिती तुमच्या वाटण्यापेक्षा जास्त खरी असते.

मग तो राग साहेबावर का नाही निघत? तिथं बरा कंट्रोल राहतो!

कारण तिथं किंमत लगेच मोजावी लागते. साहेबाला उलट बोललं तर अप्रेझल, बदली, चार लोकांत नाव खराब. आईला बोललं तर ती गॅस बारीक करते आणि अर्ध्या तासानं ताट वाढते. मेंदू हा हिशोब बसून करत नाही, वर्षानुवर्षाच्या अनुभवानं तो आपोआप होतो. "घरचेच आहेत, जातात कुठं" हे जे आपण प्रेमानं म्हणतो ना, तेच इथं नडतं.

दुसरं म्हणजे घरच्यांकडून आपली अपेक्षा वेगळी असते. कस्टमरनं आपल्याला समजून घ्यावं असं आपल्याला वाटतच नाही, त्यामुळं त्याचं बोलणं झोंबलं तरी धक्का बसत नाही. आईनं मात्र न सांगता ओळखावं की आज काहीतरी झालंय. तिला बिचारीला काय माहिती, ती सकाळपासून दळण संपलं म्हणून वाट बघतेय! जेम्स अॅव्हरिल यांनी 1980 च्या दशकात लोकांच्या रोजच्या रागाच्या नोंदी तपासल्या तेव्हाही हेच दिसलं होतं, साधा रोजचा राग बहुतेक वेळा परक्यांवर नसतो, ओळखीच्या आणि आवडत्या माणसांवर असतो.

दिवसभरात सहनशक्ती संपून जाते, टाकी रिकामी होते, असं ऐकलंय. खरं आहे काय?

हे लई पसरलेलं आहे, पण त्यावर फार भार टाकू नका. 1998 मध्ये रॉय बाउमाइस्टर यांच्या गटाने ही कल्पना मांडली, संयम एका ठिकाणी वापरला की दुसरीकडं कमी पडतो. पुढं 2016 मध्ये वीसपेक्षा जास्त प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून जास्त लोकांवर तोच प्रकार तपासला आणि परिणाम जवळजवळ शून्य आला. वाद अजून चालू आहे. माझं स्वतःचं मत, टाकीची कल्पना घरात वापरायला धोक्याची आहे, कारण "माझी टाकी संपली होती" म्हटलं की विषय संपतो. आणि नीट बघितलंत तर दिसेल, आईवर ओरडत असतानाच साहेबाचा फोन आला तर हाच माणूस दुसऱ्या सेकंदाला "हां बोला सर" म्हणतो. टाकी रिकामी असती तर हे जमलं नसतं.

भुकेमुळं होतं का?

भर नक्की पडते. दुपारी एकला डबा खाल्लेला, मध्ये दोन कटिंग चहा, आणि घरी साडेसात. आल्या आल्या मूठभर शेंगदाणे, केळं, काहीही खा. पण भूक एकटी आईवर ओरडायला लावत नाही, उपासाच्या दिवशी सगळं घर भांडत बसलं असतं नाहीतर.

घरी येऊन सगळं बोलून टाकलं की मोकळं वाटतं, मग ते बरं ना?

कसं बोलता त्यावर आहे. "आज असं झालं, मला लई लागलं" असं सांगणं चांगलं. पण साहेबाला शिव्या घालत तोच प्रसंग तीनदा उगाळणं, हात आपटणं, ह्यानं राग उतरत नाही, चढतो. ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये चिडलेल्या लोकांना पंचिंग बॅगला ठोसे मारायला लावले. काहींना सांगितलं, चिडवणाऱ्याचा विचार करत मारा. तेच नंतर सगळ्यात जास्त रागावलेले निघाले, आणि जे नुसते दोन मिनिटं गप्प बसले होते ते कमी आक्रमक निघाले. वाफ काढून टाकावी हे आपल्या बोलण्यात इतकं रुळलंय की लोकांना हे पटत नाही, पण माणूस म्हणजे कुकर नव्हे.

मग करायचं काय, नेमकं सांगा.

विमानतळावर टॉवरमध्ये बसून विमानांना वाट देणारे जे कंट्रोलर असतात त्यांच्यावर रेना रेपेट्टी यांनी 1980 च्या दशकात काम केलं. हे लोक निवडायचं कारण साधं होतं, त्यांच्या दिवसाचा ताण आकड्यात मोजता येतो, आज किती विमानं होती ते नोंदलेलं असतं. जास्त विमानांच्या दिवशी हे लोक घरी येऊन गप्प गप्प, बाजूला बाजूला राहायचे. आणि जिथं बायको त्यांना तसं राहू द्यायची, तिथं चिडचिड कमी दिसली. दुसरी एक गोष्ट अशी दिसली की नुसतं काम जास्त असणं वेगळं आणि कामावर कुणी अपमान करणं, भांडण होणं वेगळं. असल्या दिवसांनंतर मुलांवर राग निघायचा.

म्हणजे थोडा वेळ बाजूला बसणं हे औषध आहे. पण ते न सांगता केलं की घरच्यांना ते रुसणं वाटतं, मग ते मागं येतात, "काय झालं? बोलत का नाहीस?" आणि तिथंच भडका उडतो. सगळी गोम त्या सांगण्यात आहे.

आमच्या ह्या माणसानं काय बसवलं ते सांगते. निघताना गेटवर, विषय अजून डोक्यात ताजा असतानाच, बायकोला एक मेसेज टाकायचा, "आज खराब." दोनच शब्द, कारण घरी पोचल्यावर आपल्याला ते कळणारच नाही हे आता त्याला माहिती आहे. त्या दिवशी कुणी दारात काही विचारायचं नाही. तो येतो, हात-पाय-तोंड धुतो, शेंगदाणे-गूळ खातो आणि गच्चीत वीस मिनिटं बसतो, मोबाईल खाली ठेवून. मोबाईल खाली ठेवणं ह्यावर मी अडून बसले, कारण गच्चीत बसून ऑफिसचा ग्रुप बघितला तर शरीर परत वर चढतं. वीस मिनिटांनी तो स्वतः खाली येतो आणि स्वतः पहिलं बोलतो. हे दुसरं टोक पाळलं नाही तर सगळं बिघडतं. पहिल्या आठवड्यात तो वर गेला की तासभर यायचाच नाही, जेवण गार, बायको वैतागली, आणि तिचं बरोबर होतं. वेळ सांगून जायचं आणि त्या वेळेला परत यायचं.

दळणाचा प्रश्न आईनं स्वतःच सोडवला, आता ती पिठाचा डबा सकाळीच गाडीच्या हुकाला अडकवते आणि संध्याकाळी विचारतच नाही. तरी महिन्यातनं एकदोनदा चुकतंच, मेसेज टाकायचा राहतो. मला तो सुधारला असं म्हणायचं नाहीये, प्रकार रोजचा होता तो महिन्यावर आला, एवढंच.

मी बाई आहे. मला गच्चीत बसायला कोण देतंय? घरात पाऊल टाकलं की कुकर लावायचा.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो, कारण मी पण ह्यातनं गेलेय. हॉकशील्ड बाईंनीच 1989 मध्ये ह्याला दुसरी शिफ्ट म्हटलं. नवरा दमून आला की "त्याला बसू दे जरा" म्हणणारे चार जण असतात, बाई दमून आली की तेच चार जण विचारतात आज भाजी काय. मग तिचा राग निघतो तो बहुतेक पोरांवर, कारण घरात तिच्यापेक्षा लहान तेवढीच असतात. एका संध्याकाळी मी माझ्या लेकाला दप्तर जागेवर नाही म्हणून इतकं बोलले की तो नुसता माझ्या तोंडाकडं बघत राहिला, आणि त्याच्या हातातला चमचा वरणात तसाच राहिला. तो चमचा मला अजून दिसतो.

इथं श्वास मोजा वगैरे सांगण्यात काही अर्थ नाही, काम वाटून घ्यावं लागतं. खरं तर एकच मागा, दोघांपैकी जो आधी येईल त्यानं कुकर लावायचा, आणि उशिरा येणाऱ्याला पंधरा मिनिटं मिळायची, मग तो नवरा असो का बायको. तेही होत नसेल तर वाटेत घ्या. एक नर्सबाई घराच्या अलीकडं रंकाळ्यावर दहा मिनिटं कट्ट्यावर बसून मग घरी जातात, सासूबाईंना वाटतं बस उशिरा येते. मला त्यात काही खोटं वाटत नाही.

ओरडून झालंच तर मग?

त्याच संध्याकाळी बोला, उद्यावर टाकू नका. आणि "सॉरी, पण तूच आल्या आल्या..." असं नको, त्या "पण"च्या नंतरचं सगळं परत पहिल्यासारखं करतं. "कामावर मला बोलणी बसली, तू काही चुकली नव्हतीस, मी ओरडायला नको होतं." एवढं पुरतं. मुलांना तर हे सांगायलाच पाहिजे, कारण ओरडण्यामागचं खरं कारण माहिती नसलं की पोरं स्वतःलाच कारण समजतात. आपल्याकडं आईला सॉरी म्हणायची पद्धत नाही, तो माणूस पण म्हणू शकला नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीत जाऊन दळण आणलं, आईच्या शेजारी बसून ऑफिसात काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "मग तसं सांगायचं न्हाई व्हय."

हे सगळं कारण कुठं चालत नाही?

घरच्यांना तुमच्या गाडीचा आवाज आला की ते गप्प होत असतील, पोरं आत पळत असतील, हात उचलला जात असेल, वस्तू माणसांच्या दिशेनं फेकल्या जात असतील, पैसे किंवा फोन अडवला जात असेल, तर तो खराब दिवसाचा विषय राहिला नाही. एक खूण सांगते, सुट्टीच्या दिवशी, रविवारी मटणाचा बेत आहे, कामाचा काही ताण नाही, तरी तेच होत असेल तर ऑफिसला दोष देऊ नका. दारू प्यायल्यावरच होत असेल तर आधी दारूचं बघा. असं सहन करणाऱ्या बाईनं 181 ला फोन करावा, जिवाला धोका वाटला तर 112. घरगुती हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे आणि नुसतं तोंडानं घालूनपाडून बोलणं, शिवीगाळ करणं सुद्धा त्यात येतं.

आणि रागाच्या जोडीला झोप उडालीय, कशातच मन लागत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही असं दोनेक आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा, पुरुषांमध्ये डिप्रेशन कितीतरी वेळा चिडचिड म्हणूनच दिसतं. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.